निळी खूण कुठे असते?

गेल्या पावसाळ्यात आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर वीज कंपनीच्या नावाने निरोप आला : बिल थकले आहे, आज रात्री साडेनऊला वीज तोडू, सोबतची फाइल उघडा. प्रोफाइल फोटोत कंपनीचे बोधचिन्ह होते आणि त्याच्या कोपऱ्यात बरोबरची निळी खूण. “खूण आहे की रे,” आई म्हणाली.

फसवणूक त्या खुणेतच होती. फोटो ज्याचा तो लावतो. त्यात काहीही रंगवता येते. खरी खूण व्हॉट्सअ‍ॅप देते आणि ती नावाशेजारी दिसते, फोटोत नाही. पूर्वी ती हिरवी होती, २०२४पासून निळी झाली.

मी माहितीचे पान उघडले. ‘बिझनेस अकाउंट’ असे लिहिलेले होते; पण ते अ‍ॅप कोणीही घेऊ शकतो. वर मोबाइल नंबर होता आणि कंपनीचे नाव त्याखाली, ~ या चिन्हापुढे. म्हणजे ते पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेले. खूण मिळालेल्या खात्याचे नाव, नंबर आपण साठवलेला नसला तरी, ठळक वर दिसते.

अर्थात खूण नाही म्हणजे खोटे, असेही नाही. आमच्या किराणावाल्याकडे ती नाही. मग वागणे पाहावे. इथे रात्रीची मुदत होती आणि फाइलच्या नावाअखेर .apk होते. बिल असे येत नाही. ते उघडल्यावर फोनमध्ये अ‍ॅप बसते आणि परवानगी मिळाली तर ओटीपीचे संदेशही वाचते.

छापील बिलावरचा ग्राहक क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला. थकबाकी शून्य होती.