शेअरची संख्या वाढते, जोखीम कुठे थांबते?

शेअरच्या परताव्यातील चढउतार व्हेरिअन्सने मोजतात आणि त्याच्या वर्गमुळाला प्रमाण विचलन म्हणतात. समजा, प्रत्येक शेअरचे वार्षिक प्रमाण विचलन 30 टक्के आहे, म्हणजे व्हेरिअन्स 900. कोणत्याही दोन शेअरमधला सहसंबंध 0.3 आहे. मग कोणत्याही जोडीचा कोव्हेरिअन्स, म्हणजे एकत्र हलण्याचे माप, 900 च्या 0.3 पट, अर्थात 270 होतो.

अशा दहा शेअरमध्ये सारखे पैसे गुंतवले, तर पोर्टफोलिओचा व्हेरिअन्स काढण्यासाठी दहा ओळी आणि दहा स्तंभांचा तक्ता मांडता येतो. त्यात शंभर घरे असतात. कर्णावरच्या दहा घरांत प्रत्येक शेअरचा स्वतःचा व्हेरिअन्स, 900, येतो. उरलेल्या नव्वद घरांत जोड्यांचा कोव्हेरिअन्स, 270, येतो. भार समान असल्यामुळे पोर्टफोलिओचा व्हेरिअन्स म्हणजे या शंभर घरांची साधी सरासरी. कर्णाचा वाटा 90, बाकीच्यांचा 243, एकूण 333. प्रमाण विचलन 30 वरून सुमारे 18.2 टक्क्यांवर येते.

शेअर वाढत जातात तसा कर्णाच्या घरांचा वाटा घटतो. शंभर शेअर घेतले तर दहा हजार घरांपैकी केवळ शंभर कर्णावर असतात, त्यामुळे सरासरी 270 कडे सरकते. हेच सूत्रात असे लिहितात:

σ² × [ρ + (1 − ρ)/n]

इथे σ² हा एका शेअरचा व्हेरिअन्स, ρ हा सहसंबंध आणि n ही शेअरची संख्या. यातला (1 − ρ)/n हा भाग n वाढला की शून्याकडे जातो. ρ मात्र n ने भागला जात नाही. सगळ्या शेअरना एकदम हलवणारी ही जोखीम कितीही शेअर घेतले तरी उरते.

म्हणूनच घट सुरुवातीला मोठी आणि नंतर नगण्य असते. एकाऐवजी दोन शेअर घेतले की व्हेरिअन्स 900 वरून 585 वर येतो, पाच घेतले की 396 वर. वीस शेअरना तो 301.5 असतो. आणखी ऐंशी शेअर घेऊन शंभर केले, तरी 276.3 पर्यंतच उतरतो. विचलनाच्या भाषेत ही घट 17.4 वरून 16.6 टक्के, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी.

प्रत्यक्षात सगळे सहसंबंध सारखे नसतात आणि ते स्थिरही राहत नाहीत. 2008 किंवा मार्च 2020 सारख्या पडझडीत बहुतेक शेअर एकदम कोसळतात आणि सहसंबंध वाढतात. वरच्या उदाहरणात तो 0.6 झाला, तर प्रत्येक शेअरचे विचलन 30 टक्केच राहूनही वीस शेअरचा व्हेरिअन्स 558 होतो आणि पोर्टफोलिओचे विचलन 23.6 टक्क्यांवर जाते. अशा वेळी तशाच आणखी शेअरची भर घालून हे विचलन 23.2 टक्क्यांखाली नेता येत नाही. त्याहून खाली जाण्यासाठी शेअरबरोबर न हलणारी गुंतवणूक लागते.