बारावा क्रमांक कुणाचा?

समजा, एक गृहिणी हाताने शिवलेल्या गोधड्या स्वतःच्या वेबसाइटवरून विकते. तिने गूगल सर्च कन्सोलमधला Performance अहवाल उघडला. तिथे क्लिक आणि इम्प्रेशन आधीच दिसत असतात, Average position चा चौकोन मात्र दाबून सुरू करावा लागतो. मग गाळणी लावून १० पेक्षा मोठे क्रमांक ठेवले आणि यादी इम्प्रेशनच्या उतरत्या क्रमाने लावली. ११ ते २० मधले शब्द म्हणजे साधारण दुसरं पान.

सर्वांत वर ‘गोधडी’ हा एकटा शब्द होता. इम्प्रेशन भरपूर, क्रमांक १७. पण नुसतं ‘गोधडी’ शोधणाऱ्याला अर्थ हवाय, फोटो हवाय की खरेदी करायचीय, ते कळत नाही. त्यापेक्षा खालची ओळ मोलाची होती: ‘गोधडी कशी धुवावी’, तीन महिन्यांत १,८४० इम्प्रेशन, ६ क्लिक, क्रमांक १३. दुसऱ्या पानावरचं इम्प्रेशन सहसा तेव्हाच मोजलं जातं, जेव्हा कुणी ते पान उघडतं. म्हणजे पहिल्या पानावर समाधान न झालेली माणसं पुढे शोधत आली होती. (क्रमांक तपासणारी स्वयंचलित साधनंही हा आकडा फुगवतात, तेवढं लक्षात ठेवायचं.)

त्या ओळीवर क्लिक करून Pages पाहिलं, तेव्हा कारण उघड झालं. गूगल दाखवत होतं ते विक्रीचं पान, आणि त्यात धुण्याबद्दल फक्त एक वाक्य होतं. इथे काय करायचं ते स्पष्ट आहे: थंड पाणी, रंग जाण्याची भीती, सावलीत वाळवणं, हे सगळं सांगणारं वेगळं पान लिहायचं आणि विक्रीच्या पानावरून त्याला दुवा द्यायचा.

खरी फसगत मात्र ‘गोधडी ऑनलाइन’ या ओळीत होती. ९०० इम्प्रेशन, क्रमांक १२. पहिल्या पानाच्या अगदी उंबरठ्यावर, असंच कुणालाही वाटेल. Countries उघडल्यावर दिसलं की भारतात ६०० इम्प्रेशन १६ व्या क्रमांकावर आहेत आणि अमेरिकेत ३०० इम्प्रेशन चौथ्या क्रमांकावर. दोन्हींची सरासरी १२ येते, पण कोणत्याच देशात साइट बाराव्या जागी नव्हती. अमेरिकेत ती आधीच पहिल्या पानावर होती आणि भारतात बरीच मागे. म्हणून सरासरीवर विश्वास ठेवण्याआधी देश आणि उपकरण, दोन्ही वेगळे करून पाहावेत.

बदल केल्यावर लगेच निकाल शोधू नये. निदान चार आठवडे जाऊ द्यावेत आणि मग आधीच्या चार आठवड्यांशी तुलना करावी, तीही त्याच शब्दाची आणि त्याच देशातली. संपूर्ण साइटची सरासरी पाहिली तर उलटंच चित्र दिसू शकतं. धुण्याचं नवं पान ‘लोकरी गोधडी’, ‘जुनी गोधडी’ अशा शब्दांसाठी चाळिसाव्या क्रमांकावर दिसू लागलं, तर सरासरी घसरते. त्याच वेळी ‘गोधडी कशी धुवावी’ १३ वरून ८ वर आलेलं असू शकतं.