टॅप केलं, पण पैसे गेले नाहीत

औषधांच्या दुकानात ८४० रुपयांचं बिल झालं. गिऱ्हाइकाने अँड्रॉइड फोन कार्ड मशीनला टेकवला, पण पैसे गेले नाहीत. अशा वेळी आपण फोन पुन्हा पुन्हा टेकवत राहतो. त्याऐवजी टेकवल्यावर फोन काय करतो ते पाहावं. गाडी कुठे अडली, ते त्यावरून कळतं.

फोन थरथरला नाही, स्क्रीनही बदलली नाही, तर फोन आणि मशीनची गाठच पडलेली नाही. आधी सेटिंग्जमधल्या शोधात NFC टाइप करून ती सोय चालू आहे का पाहा. असेल, तर प्रश्न जागेचा. हा संपर्क जेमतेम चार सेंटिमीटरपर्यंत चालतो. त्याची अँटेना आयफोनमध्ये वरच्या कडेला असते. अँड्रॉइडमध्ये बहुधा पाठीच्या मध्यावर किंवा कॅमेऱ्याच्या आसपास. मशीनवर चार वक्र रेषांची खूण असते. काहींत ती स्क्रीनवर, काहींत वरच्या टोकाला. फोनची ती जागा त्या खुणेवर आणून दोन-तीन सेकंद स्थिर धरा. कव्हरमध्ये दुसरं कार्ड किंवा गाडीतल्या स्टँडसाठी लावलेली लोखंडी पट्टी असेल, तर कव्हर काढूनच टेकवा.

आपल्या गिऱ्हाइकाचा फोन मात्र थरथरला होता, पण उघडलं भलतंच अॅप. कार्ड होतं गूगल पेमध्ये. नंतर घेतलेल्या बँकेच्या अॅपने ‘डिफॉल्ट करू का?’ असं विचारलं, तेव्हा होकार दिला गेला होता. एनएफसीच्याच पानावर कॉन्टॅक्टलेस पेमेंटचं डिफॉल्ट अॅप निवडता येतं. तिथे गूगल पे निवडल्यावर काम झालं.

अॅप बरोबर असूनही फोन ‘अनलॉक करा’ म्हणत असेल, तर पिन, पॅटर्न किंवा बोटाचा ठसा देऊन पुन्हा टेकवा. नुसत्या कॅमेऱ्यावर चालणारं चेहऱ्याचं लॉक बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पेमेंटसाठी पुरेसं मानलं जात नाही. कंटाळून स्क्रीन लॉकच काढून टाकलं, तर टॅपसाठी जोडलेलं कार्डही फोनमधून निघून जातं. लॉक परत लावल्यावर ते नव्याने जोडावं लागतं.

फोनवर बरोबरची खूण आली आणि मशीनने मात्र ‘डिक्लाइन्ड’ दाखवलं, तर फोनशी झटापट करण्यात अर्थ नाही. त्या खुणेचा अर्थ कार्डाची माहिती मशीनपर्यंत पोचली एवढाच. पैसे द्यायचे की नाही, हे बँक ठरवते. बँकेच्या अॅपमध्ये त्या कार्डाचे कॉन्टॅक्टलेस व्यवहार सुरू आहेत का आणि मर्यादा किती ठेवली आहे, ते तपासा. आणि पुन्हा टॅप करण्याआधी खात्यातून पैसे गेल्याचा संदेश आला नाही ना, हेही बघा.