आजीच्या पायाशी उजेड

ऑफिसच्या वॉशरूममध्ये आपण पाय ठेवला की दिवा आपोआप लागतो. गावी मात्र आजी रात्री दोनदा उठते आणि भिंत चाचपडत बोर्डापर्यंत जाते. पुसदला माझ्या आजीचं हेच चाललं होतं. "लाइट लावाले उठा, अन् लाइटपर्यंत अंधारातच जा!" ही तिची तक्रार. वयानुसार डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे पलंगापासून बोर्डापर्यंतची ही चार पावलंच सगळ्यात धोक्याची.

मी चार्जिंगचे दोन सेन्सर लाइट्स नेले, म्हणजे वीज गेली तरी टेन्शन नाही. पहिल्या रात्री पलंगाजवळचा लागलाच नाही. कारण निघालं खोलीतला झिरो बल्ब! या लाइट्सना उजेडही कळतो. झिरोचा प्रकाश थेट पडला की त्यांना दिवसच वाटतो. लाइट पलंगाच्या सावलीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर चिकटवला आणि काम झालं. इतक्या खाली असल्यामुळे आजीने कूस बदलली तरी तो लागत नाही, पाय जमिनीवर आले की लागतो. उजेड पिवळसरच घ्या. पांढरा झगझगीत उजेड डोळ्यांवर येतो आणि झोपही उडवतो.

खरी परीक्षा मे महिन्यात. हा सेन्सर हालचाल नाही, उष्णतेतला फरक बघतो. माणूस भिंतीपेक्षा गरम असला की त्याला दिसतो. आपल्याकडे उन्हाळ्यात भिंती रात्रीही तापलेल्या असतात. फरक कमी झाला की सेन्सरला माणूस उशिरा कळतो, कधी कळतच नाही. त्यात समोरून सरळ चालत येणारा माणूस त्याला कमी कळतो, आडवा जाणारा चटकन. म्हणून लाइट वाटेच्या शेवटी नको, बाजूच्या भिंतीवर, दोन-तीन पावलांच्या आत हवा. कूलरचा झोत मात्र त्यावर येऊ देऊ नका, उगाच लागत राहतो.

बाथरूममध्ये सेन्सर लावलाच नाही. माणूस स्थिर बसला की अर्ध्या-एक मिनिटात दिवा बंद, म्हणजे आतच अंधार! तिथे साधाच दिवा, पण टू-वे. एक बटण पलंगाशी, झोपून हात पुरेल एवढ्या उंचीवर, दुसरं बाथरूमच्या दाराबाहेर, कमरेच्या उंचीला. अंधारात दिसावं म्हणून दोन्हींना छोटा इंडिकेटर. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. सेन्सर दगा देईल त्या रात्री हेच बटण कामाला येतं.

तुम्ही लावाल तेव्हा एक टेस्ट नक्की करा. स्वतः चालून बघू नका, आपण भराभरा चालतो. आजीलाच तिच्या चालीने, रात्री, कूलर सुरू ठेवून चालू द्या. पाय टेकल्यावर पहिलं पाऊल पडायच्या आत उजेड आला, तरच लाइट पास!