अंदाज की प्रश्न?

एका दुकानाच्या चॅटबॉटला ग्राहक लिहितो, ‘माझी ऑर्डर रद्द करा.’ त्याच्या खात्यात दोन ऑर्डर बाकी आहेत, एक मिक्सरची आणि एक साडीची. एकच ऑर्डर असती, तर याच वाक्यात काहीही संदिग्ध राहिले नसते. म्हणजे संदिग्धता शब्दांत असतेच असे नाही, ती शब्द आणि परिस्थिती यांच्या जोडीत असते. नुसते वाक्य वाचून ती ओळखण्याचा प्रयत्न करणारा बॉट इथे हमखास फसतो. बहुधा तो शेवटची ऑर्डर रद्द करून मोकळा होतो.

असा अंदाज ठोकण्याची सवय बॉटला प्रशिक्षणातूनच लागते. भाषा-प्रारूपाला वळण लावताना माणसांना एकाच विनंतीची दोन उत्तरे दाखवतात आणि त्यांतले चांगले निवडायला सांगतात. एका बाजूला तयार उत्तर आणि दुसऱ्या बाजूला नुसता प्रश्न असेल, तर प्रश्न अपुरा वाटतो आणि गुण उत्तराला जातात. अशा हजारो निवडींतून प्रारूप शिकते की विचारण्यापेक्षा ठोकून देणे फायद्याचे. मायकेल झँग, ब्रॅडली नॉक्स आणि युन्सोल चोई या संशोधकांनी २०२४ मध्ये यावर साधा उपाय मांडला: गुण लगेच देऊ नयेत. प्रश्न विचारला, त्याला उत्तर मिळाले आणि त्यानंतर बॉटने काय सांगितले, इथपर्यंतचा संवाद पाहून मग निवड करावी. असे केले की नेमक्या प्रश्नाचे मोल दिसू लागते.

प्रारूपाला नव्याने शिकवणे प्रत्येकाला परवडत नाही. तयार प्रारूप वापरणाऱ्यांसाठी दुसरी वाट आहे. तीच विनंती प्रारूपाला पडद्यामागे, समजा, दहा वेळा द्यायची आणि दर वेळी तिचा काय अर्थ लावला ते पाहायचे. शब्द निराळे असले तरी अर्थ एक असेल, तर ती उत्तरे एकाच गटात धरायची. दहाही वेळा ‘मिक्सर रद्द’ निघाले, तर पुढे जायचे. सहा वेळा मिक्सर आणि चार वेळा साडी निघाली, तर थांबून विचारायचे. ही पद्धत खर्चिक आहे, शिवाय तिला एक मोठे भोकही आहे. प्रारूपाची समजूत मुळातच एकांगी असेल, तर दहाही उत्तरे एकमताने चुकतात आणि शंका उरतच नाही. म्हणून ऑर्डरसारख्या ठिकाणी प्रारूपाच्या भरवशावर न राहता आज्ञावलीनेच बाकी ऑर्डर मोजाव्यात. एकाहून जास्त निघाल्या आणि आधीच्या बोलण्यात कोणतीचा उल्लेख नसला, की प्रश्न ठरलेला. ग्राहक दोनच ओळी आधी ‘मिक्सर अजून आला नाही’ म्हणाला असेल, तर मात्र ‘कोणती ऑर्डर?’ हा प्रश्न चीड आणणारा ठरतो.

प्रत्येक संदिग्धतेला प्रश्न हे उत्तर नव्हे. लोकांनी गूगलवर खरोखर विचारलेले प्रश्न २०२० मध्ये ‘अँबिगक्यूए’ या संचासाठी तपासले गेले. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना एकापेक्षा जास्त अर्थ निघाले. पहिला हॅरी पॉटर चित्रपट कधी आला, असे विचारले, तर ४ नोव्हेंबर २००१ हा लंडनमधल्या पहिल्या खेळाचा दिवस आणि १६ नोव्हेंबर हा ब्रिटन-अमेरिकेतल्या प्रदर्शनाचा. इथे उलटा प्रश्न करण्यापेक्षा दोन्ही तारखा सांगितल्या की काम भागते. चुकले तर किती बिघडते आणि ते दुरुस्त होते का, यावर निर्णय ठरावा. चुकीची तारीख पुढच्या ओळीत सुधारता येते. सवलतीत घेतलेली साडी एकदा रद्द झाली, की त्या भावात परत मिळेलच असे नाही.

प्रश्नाची घडणही महत्त्वाची. ‘कृपया अधिक माहिती द्या’ हा प्रश्नच नव्हे, सारे काम ग्राहकावर ढकलणे आहे. ‘मिक्सरची ऑर्डर रद्द करू की साडीची?’ असे विचारले, तर एका शब्दात उत्तर येते. ‘दोन्ही’ या उत्तराचीही सोय हवी, कारण ते येतेच.

बॉटला नुसते ‘अस्पष्ट असेल तर विचार’ असे बजावले, तर तो बऱ्याचदा दुसऱ्या टोकाला जातो आणि सरळ विनंतीवरही शंका काढतो. त्यामुळे चाचणीत संदिग्ध विनंत्यांइतक्याच स्पष्ट विनंत्याही असाव्यात. विचारायला हवे तिथे किती वेळा विचारले आणि गरज नसताना किती वेळा विचारले, हे दोन आकडे वेगळे मोजावेत. एकच आकडा पाहिला, तर प्रत्येक वेळी प्रश्न करणारा बॉटही उत्तम ठरतो. आणि दोनदा विचारूनही उलगडा होत नसेल, तर तिसरा प्रश्न न करता काहीही रद्द करू नये, संवाद दुकानातल्या माणसाकडे सोपवावा.