एका स्लाइडवर एकच म्हणणे

16 जानेवारी 2003 रोजी कल्पना चावला आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांना घेऊन कोलंबिया हे अवकाशयान झेपावले. उड्डाणानंतर सुमारे 82 सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक मोठा तुकडा सुटला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच बोइंग कंपनीच्या अभियंत्यांनी या धडकेने काय नुकसान झाले असेल याचा हिशेब मांडला आणि तो स्लाइडवर घालून नासाच्या अधिकाऱ्यांना दाखवला. त्यातली एक स्लाइड आज जगभर अभ्यासली जाते. अपघाताच्या चौकशी मंडळाने ऑगस्ट 2003 च्या अहवालात तिच्यावर वेगळे टिपण दिले. ते माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांच्या विश्लेषणावर आधारलेले होते.

त्या स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. यानाच्या उष्णतारोधक टाइल्स किती भेदल्या जातील याचा आपला अंदाज सावधपणे, म्हणजे वाढवूनच, धरलेला आहे, असा त्याचा आशय होता. खाली मुद्द्यांची उतरंड होती. टफ्टी यांच्या मोजणीनुसार तिला सहा पातळ्या होत्या. पहिला मुद्दा सांगत होता की जुन्या चाचण्यांत प्रत्यक्ष झाले त्यापेक्षा जास्त नुकसान गणिती मॉडेलने वर्तवले होते. पुढचा म्हणत होता की टाइलचे कडक आवरण फोडायला मऊ फोमला बरीच ऊर्जा लागते. त्याच्या पोटात लहान अक्षरांत लिहिले होते की वस्तुमान आणि वेग पुरेसा असेल तर आवरण फुटू शकते. त्यापुढचा मुद्दा इशारा देत होता की ते एकदा फुटले की ऊर्जेत थोडी वाढ झाली तरी टाइलचे मोठे नुकसान होते. आणि अगदी तळाशी होते की प्रत्यक्षातली धडक चाचण्यांच्या मर्यादेच्या खूपच बाहेरची आहे. चाचणीतला तुकडा 3 घनइंचांचा होता, तर आदळलेला अंदाजे 1920 घनइंचांचा.

म्हणजे तब्बल 640 पट मोठा. चाचणीतला तुकडा कटिंग चहात मावेल एवढा होता आणि आदळलेला वीस लिटरच्या पाण्याच्या जारपेक्षाही मोठा होता. या एका आकड्याने शीर्षकातला दिलासा फोल ठरतो. छोट्या तुकड्यांबाबत मॉडेल सावध होते म्हणून इतक्या मोठ्या तुकड्याबाबतही ते सावध असेल असे मानायला आधारच उरत नाही. तरीही तो आकडा शेवटच्या ओळीत होता. ‘लक्षणीय’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द त्या स्लाइडवर पाच वेळा आला होता आणि किती म्हणजे लक्षणीय हे एकदाही सांगितलेले नव्हते. अशी स्लाइड पाहून हा जिवावरचा प्रसंग आहे हे वरिष्ठ अधिकाऱ्याच्या ध्यानात न येणे सहज शक्य होते, असे मंडळाने नोंदवले.

त्या स्लाइडवर खोटे काहीच नव्हते. ज्याने धोका ओळखायचा ते वाक्यही तिच्यावर होते. बिघडले ते असे की तीन वेगळी म्हणणी एका शीर्षकाखाली कोंबली गेली आणि त्यातल्या एकाचाच मान शीर्षकाला मिळाला. पडद्यासमोर बसलेला माणूस एकाच वेळी ऐकतो आणि वाचतो. दोन्हींकडे शब्दच असले की एकीकडे लक्ष दिले तर दुसरीकडचे निसटते. मग तो शीर्षक वाचतो, वरच्या एक-दोन ओळी पाहतो आणि उरलेले बोलणाऱ्यावर सोडून देतो. तळाची ओळ त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

हीच माहिती फोडून मांडू या. पहिल्या स्लाइडचे शीर्षक असे: ‘आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या 640 पट मोठा आहे’. त्याखाली मुद्दे नकोत, दोन आडवे पट्टे पुरेत. मोठा पट्टा सहा फुटी पडद्याच्या पूर्ण रुंदीचा काढला तर छोटा जेमतेम 3 मिलिमीटरचा होतो. तुकडे घनाकृती धरून त्यांची चित्रे शेजारीशेजारी काढली असती तर बाजू फक्त साडेआठ पट मोठी दिसली असती आणि फरकाचा जोर गेला असता. म्हणून इथे पट्टाच हवा. दुसरी स्लाइड: ‘आवरण फुटल्यावर थोडी जास्त ऊर्जाही टाइलचे मोठे नुकसान करते’. तिच्याखाली चाचणीचा आलेख. तिसरी: ‘मॉडेल सावध ठरले, पण फक्त छोट्या तुकड्यांसाठी’. इथे वर्तवलेले आणि प्रत्यक्ष झालेले नुकसान शेजारीशेजारी. शेवटची: ‘या धडकेचे नुकसान मॉडेलवरून सांगता येणार नाही’. चारही शीर्षके ओळीने वाचली की निष्कर्ष आपोआप उभा राहतो आणि पुढचा प्रश्न अटळ होतो: मग पंख प्रत्यक्ष पाहायचा कसा?

अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाचे मायकेल ॲली अभियंत्यांना हीच पद्धत शिकवत आले आहेत: वर पूर्ण वाक्यात विधान आणि खाली त्याचा दृश्य पुरावा. सगळी मदार त्या वाक्यावर आहे. ‘चाचण्यांचा आढावा’ किंवा ‘तिमाही विक्री’ ही विषयाची नावे झाली. त्यांच्याखाली काहीही खपते, म्हणूनच तिथे गर्दी होते. ‘पावसाळ्यात विक्री निम्म्यावर आली’ असे क्रियापदासह लिहिले की कोणता आकडा खाली ठेवायचा आणि कोणता नाही हे लगेच ठरते. वाक्य दोन ओळींत बसत नसेल, किंवा ‘आणि’ लावून दोन स्वतंत्र गोष्टी जोडाव्या लागत असतील, तर तिथे दोन स्लाइड आहेत. मग खालच्या प्रत्येक गोष्टीला विचारावे की ती या वाक्याला आधार देते का. देत नसेल तर तिला दुसरी जागा शोधावी. आणि ती शीर्षकाच्या विरोधात जात असेल तर शीर्षकच चुकले आहे. कोलंबियाच्या स्लाइडवर हेच झाले होते.

एक म्हणणे म्हणजे एकच आकडा नव्हे. बारा महिन्यांचा तक्ता एका स्लाइडवर खुशाल असावा, त्यातून एकच गोष्ट सिद्ध होत असेल तर. उलट तुलना करायच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या स्लाइडवर टाकल्या तर पाहणाऱ्याला पहिली डोक्यात धरून दुसरी पाहावी लागते आणि तुलना मोडते.

या पद्धतीची मर्यादाही त्याच घटनेत दिसते. अभियंत्यांच्या त्या स्लाइडवर चर्चा टाइल्सची होती. प्रत्यक्षात भोक पडले होते पंखाच्या पुढच्या कडेवरच्या कार्बनच्या कवचाला. 1 फेब्रुवारीला परतताना तिथून तापलेली हवा आत शिरली आणि सातही अंतराळवीर प्राणांना मुकले. चौकशी मंडळाने नासाची कार्यसंस्कृतीही अपघाताला तितकीच कारणीभूत ठरवली. नीटस स्लाइडने प्राण वाचले असते असा दावा कोणी करू नये. स्वतः टफ्टी यांचे म्हणणे याहून कडक आहे: असे गुंतागुंतीचे तांत्रिक विषय स्लाइडवर नकोतच, त्यांचा सलग लिहिलेला अहवाल हवा. मंडळानेही अहवालांच्या जागी स्लाइड वापरण्याच्या नासातल्या सवयीवर ठपका ठेवला.

म्हणून ज्या पीपीटीवरून निर्णय होणार आहे तिच्यासोबत गृहीतके, आकडेमोड आणि अपवाद सांगणारी दोन-चार पानांची टिप्पणी आधीच वाचायला द्यावी. तपशिलांना त्या पानांवर जागा मिळाली की स्लाइडवर एकच म्हणणे ठेवण्याची भीती वाटत नाही. ते निवडताना मात्र पाहणाऱ्याला सर्वांत आधी काय कळायला हवे हाच निकष लावावा. ‘आपल्याला हे ठाऊक नाही’ हे कामाचे सार असेल, तर तेच पहिल्या स्लाइडचे शीर्षक असायला हवे.