गेम लहान म्हणजे नक्की किती लहान?

ॲडम रॉबिन्सन-यू हा कॅनडातला गेम डेव्हलपर एका मोठ्या गेमवर काम करत होता. तो बाजूला ठेवून त्याने जेमतेम चार महिन्यांत 'अ शॉर्ट हाइक' बनवला. 2019 साली तो आला आणि पुढच्या वर्षी इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. गेममध्ये आहे काय? एक बेट, एक डोंगर आणि मोबाइलला रेंज मिळावी म्हणून वर निघालेला एक पक्षी. वाटेत सोनेरी पिसं मिळतात. जितकी पिसं जास्त, तितकं उंच चढता येतं. या एकाच युक्तीवर अख्खा गेम चालतो.

अर्थात, हा त्याचा पहिला गेम नव्हता. पहिलटकराने वर्ष धरावं, पण ते तासांत मोजावं. समजा, तुम्ही नोकरी सांभाळून कोड्यांचा गेम करताय आणि आठवड्याला 12 तास मिळतात. पन्नास आठवड्यांचे झाले 600. त्यातले 200 आधीच शेवटासाठी बाजूला काढा: मेनू, सेटिंग्ज, सेव्ह, ट्रेलर आणि मुख्य म्हणजे बग. ही कामं कुणाच्या स्वप्नात नसतात, म्हणून ती हिशेबातही नसतात. सुरुवातीच्या चाचपणीला 120 तास द्या. उरले 280.

आता एक लेव्हल पूर्ण करा. पूर्ण म्हणजे चित्रं, आवाज, ॲनिमेशनसकट. करड्या ठोकळ्यांची नव्हे. मग अनोळखी माणसाला ती खेळायला द्या आणि तो जिथे अडला ते दुरुस्त करा. या सगळ्याला घड्याळ लावा. कागदावर तुम्ही सात तास धरले होते, म्हणजे 40 लेव्हल. प्रत्यक्षात लागले अकरा. मग लेव्हल 25च. हा आकडा तिसऱ्या महिन्यात कळला तर कथा आखडती घेता येते. दहाव्यात कळला तर अर्धवट गेमच हातात राहतो.

याहून फसवी असते ती नवी कल्पना. सहा शस्त्रं आणि आठ शत्रू असतील तर 48 जोड्या तपासायच्या. सातवं शस्त्र बनवायला एक संध्याकाळ पुरेल, पण तपासायच्या जोड्या आठने वाढतात. ऑनलाइन मल्टिप्लेअरचं तर नावच नको. तो घेतला की जवळजवळ सगळा कोड पुन्हा लिहावा लागतो. कल्पना सुचली की वहीत लिहावी आणि ती आत घ्यायचीच असेल, तर तितक्याच तासांचं दुसरं काहीतरी बाहेर काढावं.

स्टीमवर विकायचा तर शेवटचे आठवडेही तुमच्या हातात नसतात. नव्या डेव्हलपरला 100 डॉलर भरल्यापासून 30 दिवस थांबावं लागतं. 'लवकरच येत आहे' असं पान किमान दोन आठवडे उघडं असावं लागतं, आणि खेळणाऱ्यांनी विशलिस्टमध्ये टाकावा म्हणून ते काही महिने आधीच लावलेलं बरं. त्यासाठी दाखवण्याजोगी चित्रं लागतात. म्हणजे ती पहिली पुरी लेव्हल इथेही लागतेच.